मशिनीत आहे, फळीवर नाही

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या दुकानांची शिल्लक जुळवून देणं हे माझं काम. त्यातून जमत गेलेली ही यादी. यातल्या वस्तू फळीवरून, थप्पीतून, कट्ट्यातून गेल्या. हिशेबातून गेल्या नाहीत. वस्तू सापडली नाही की मालकाची नजर आधी पोऱ्याकडे जाते. पण चोरीला गेलेला माल या यादीत फार थोडा आहे.

युरिया, ४५ किलोची गोणी

यादीत सगळ्यात वर हीच, कारण तिच्या नसण्याचा त्रास एका दुकानापुरता राहत नाही.

अनुदानाचं खत २०१८च्या मार्चपासून देशभर पॉस मशिनीवरच विकायचं असतं. शेतकऱ्यानं आधार क्रमांक द्यायचा, अंगठा लावायचा, मशिनीतून पावती निघते आणि तेवढ्या गोण्या मशिनीतल्या साठ्यातून वजा होतात. खत कंपनीला सरकारकडून अनुदान मिळतं ते या अंगठ्यानंतर. गोणी शेतकऱ्याला साधारण २६६ रुपये ५० पैशांना पडते. खरी किंमत याच्या कित्येक पट. म्हणून त्या अंगठ्याला एवढं महत्त्व.

आता जुलैतलं किन्हवली किंवा टोकावडे डोळ्यांपुढे आणा. आवणी ऐन भरात, पाऊस थांबायचं नाव नाही, वीज आली-गेली, नेटवर्क डोंगराआड. चिखलात दिवसभर राबलेल्या हाताची बोटं भिजून सुरकुतलेली, रेषा झिजलेल्या. मशीन अंगठा घेत नाही. मागे आठ माणसं उभी, टेम्पो भाड्याचा. दुकानदार म्हणतो, गोणी घेऊन जा, अंगठा मागनं घेऊ. वहीत नाव लिहितो. गोणी शेतावर जाते आणि मशिनीत मात्र दुकानातच राहते.

आकडे घालून बघू. दुकान मनातलं आहे, आकडे मी अशा दुकानांत बघतो त्या धर्तीचे. आवणीच्या सुरुवातीला मशिनीत ४० गोण्या, गोदामातही ४०. मग ट्रक आला. दहा टनांच्या ट्रकात ४५ किलोच्या साधारण २२२ गोण्या बसतात. चलनावर २२० होत्या, दुकानदारानं मशिनीत २२० मिळाल्याचं मान्य केलं. पुढच्या दहा दिवसांत मशिनीवर १७१ गोण्यांची विक्री झाली. मशीन म्हणतं, ४० अधिक २२० वजा १७१, शिल्लक ८९. गोदामात मोजल्या तर ४६. तफावत ४३ गोण्यांची.

ही ४३ एकाच कारणाची कधीच नसते. पहिल्यांदा वही काढायची. त्यात अंगठ्याविना दिलेल्या ३९ गोण्या नावांसकट सापडतात. राहिल्या ४. दोन गोण्या उतरवताना हुकानं फाटल्या, पावसात त्यांचा दगड झाला आणि त्या पडवीत टाकलेल्या आहेत; मोजणाऱ्यानं त्या धरल्या नाहीत. उरलेल्या दोन ट्रकमधून उतरल्याच नव्हत्या. चलन २२० चं, माल २१८. हमालांची घाई, पाऊस, रात्रीची वेळ. मोजणी न करता मशिनीवर ‘मिळाले’ दाबलं. याच्यापुढची पायरीही असते. ट्रक वाटेत असतानाच घाऊक व्यापाऱ्याच्या फोनवरून सगळा माल मान्य करून टाकायचा. मग दोन दिवस अख्खा ट्रकच मशिनीत आहे आणि दुकानात नाही.

मालकाला हे सगळं फारसं गंभीर वाटत नाही, कारण पैसे तर आले. खरा घोळ पुढे होतो. दुकानातल्या ४६ गोण्या दोन दिवसांत संपतात. मशिनीत अजून ४३ आहेत. तालुक्यात अशी पंचवीस दुकानं आणि प्रत्येकाची सरासरी चाळीस गोण्यांची पोकळी धरली, तर हजार गोण्या, म्हणजे ४५ टन युरिया संगणकात पडून आहे. पुढचा माल कुठे किती पाठवायचा हे ठरवणारे याच शिलकेकडे बघतात. तालुक्यात साठा दिसतोय, मग आधी जिथे कमी आहे तिथे पाठवू, असा विचार त्यांनी केला तर त्यांचं काय चुकलं? इकडे आवणीनंतर महिनाभरात फुटव्याच्या वेळी द्यायचा हप्ता असतो. शेतकरी दुकानापुढे उभा, दुकानदार म्हणतो माल नाही, तालुक्याचा अधिकारी म्हणतो माल आहे. दोघंही खरं बोलत असतात आणि भांडण पेटतं.

पंचायत समितीचे कृषी अधिकारी तपासणीला येतात तेव्हा तीन आकडे समोरासमोर ठेवतात: मशिनीतला साठा, साठा नोंदवहीतला साठा आणि प्रत्यक्ष मोजलेल्या गोण्या. चौथा आकडा दाराशीच असतो. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार साठा आणि दर यांचा फलक दर्शनी भागात लावावा लागतो. माझा अनुभव असा, की फलकावरचा आकडा मशिनीशी तंतोतंत जुळत असेल तर तो मशिनीतूनच उतरवलाय, गोदामात कोणी गेलेलं नाही. ऐन हंगामात दोनचार गोण्यांचा फरक दिसणारा फलक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

गोदामात न जाताही काही गोष्टी कळतात. आवणीच्या आठवड्यात मशिनीतला साठा सपाट राहिला आणि मग एका संध्याकाळी तासाभरात तीस-चाळीस पावत्या निघाल्या, तर त्या साचलेल्या अंगठ्यांच्या आहेत हे उघड आहे. पाड्यावर मशीन नेऊन घेतलेले किंवा माणसांना परत बोलावून घेतलेले. यात लबाडी असेलच असं नाही, पण मधल्या दिवसांतला आकडा पोकळ होता एवढं नक्की. लबाडी दुसऱ्या दिशेनं दिसते. एकाच माणसाच्या नावावर डोंगराएवढ्या गोण्या. जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या वीस खरेदीदारांची यादी काढून तपासायची पद्धत त्यासाठीच पडली. तिथे गोणी मशिनीतून जाते आणि दुकानातच राहते, किंवा शेताऐवजी कारखान्याची वाट धरते.

गोदामात गेल्यावरही फसायला होतं. थप्पी बाहेरून मोजली, लांबी पाच, रुंदी चार, उंची दहा, म्हणजे दोनशे, की झालं असं वाटतं. थप्पीच्या मधे पोकळी ठेवलेली असू शकते. कधी मुद्दाम, कधी हवा खेळावी म्हणून, कधी ग्राहकाला वरच्या रांगेतून काढून दिल्यामुळे. शिडी लावून वरून बघितल्याशिवाय थप्पीचा आकडा लिहू नये.

साबणाची वडी, गुलाब

एकाच कंपनीचा साबण, तीन वास: चंदन, गुलाब, लिंबू. वजन तेच, किंमत तीच. बारकोड मात्र तीन. गिऱ्हाईक प्रत्येकाची एक वडी घेतं आणि काउंटरवरचा पोऱ्या चंदनच तीनदा स्कॅन करतो, नाहीतर एकदा स्कॅन करून तीन आकडा टाकतो. बिल बरोबर, कर बरोबर, गल्ला बरोबर.

तिन्ही प्रकार २४-२४ होते आणि अशी आठ गिऱ्हाइकं झाली असं धरा. फळीवर प्रत्येकाच्या १६ वड्या राहिल्या. संगणकात चंदन शून्य, गुलाब २४, लिंबू २४. बेरीज दोन्हीकडे ४८. म्हणून वर्षअखेरीला मालाची एकूण किंमत काढणाऱ्या हिशेबनीसाला यातलं काहीच दिसत नाही. तो बेरीज बघतो आणि बेरीज चोख असते.

पुढे चंदनची विक्री चालूच राहते, कारण ते फळीवर आहे. संगणकातला आकडा शून्याखाली जातो, उणे तीन, उणे सात. गुलाब मात्र फळीवरून संपून जातो आणि संगणकात त्याच्या आठ वड्या कायमच्या बसून राहतात. ज्या वस्तूची शिल्लक उणे दिसते तिचा पत्ता सगळेच काढतात, कारण उणे माल ही अशक्य गोष्ट आहे. पोकळ माल शक्य दिसतो, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही. माझी पद्धत अशी, की उण्यांची यादी काढायची आणि प्रत्येक उण्याची त्याच किमतीची, त्याच कंपनीची भावंडं मोजायची. पोकळी बहुतेक वेळा तिथेच सापडते. मसाल्याची पाकिटं, बिस्किटं, अगरबत्ती, शाम्पूच्या लड्या, सगळीकडे हेच.

काही मालक सॉफ्टवेअरमधे ‘उणे शिल्लक बंद’ करून ठेवतात आणि शिस्त लागली म्हणून खूश होतात. आता चंदनची वडी हातात असताना बिल होत नाही. गिऱ्हाईक खोळंबलंय, म्हणून पोऱ्या शेजारचा लिंबू स्कॅन करतो. उणे दिसणं थांबतं, चूक चालूच राहते, आणि शोधायला जी एक खूण होती ती गेली.

सुटा तांदूळ

पन्नास किलोचा कट्टा फोडून किलोकिलोनं विकायचा. हा भाताचा मुलूख असला तरी वर्षभर पुरेल इतकं भात सगळ्यांकडे पिकत नाही, त्यामुळे दुकानात सुटा तांदूळ खपतो. माप झुकतं द्यायचं ही इथली रीत आहे आणि ती मोडावी असं मला वाटत नाही. किलोमागे दहा ग्रॅम जास्त गेले तर शंभराला एक. शिवाय कट्टा बारदानासकट तोलून घेतला असेल तर ज्यूटच्या पोत्याचे अर्धा किलोहून जास्त तिथेच गेले. सांडलवंड, उंदीर, सोंडे आणि उन्हाळ्यातली घट वेगळीच.

फक्त ते दहा ग्रॅम धरू. महिन्याला वीस कट्टे, म्हणजे हजार किलो. पोकळी दहा किलोची. सहा महिन्यांनी साठ किलो: संगणकात जो एक कट्टा आणि वर दहा किलो आहेत, ते लोकांनी केव्हाच शिजवून खाल्ले. दुकानानं सॉफ्टवेअरला सांगून ठेवलंय, की शिल्लक शंभर किलोच्या खाली गेली की ऑर्डरच्या यादीत तांदूळ टाक. संगणकात शंभर असतात तेव्हा कोठीत खरे चाळीस. रोजचा खप तेहेतीस किलो आणि कल्याणहून माल यायला दोन दिवस. एक दिवस तांदूळ नाही.

दहाव्या महिन्यात पोकळी शंभर किलोंची होते. आता कोठी रिकामी आहे आणि संगणकात बरोबर शंभर. शंभरच्या खाली जायला एक किलो विकला गेला पाहिजे, तो विकायला तांदूळ पाहिजे. आकडा तिथेच गोठतो. ऑर्डर निघत नाही, माल येत नाही, विक्री नाही, म्हणून आकडा हलत नाही. शंभराला एक एवढ्या बारक्या गळतीनं अख्खी मागणीसाखळी कशी अडते हे एमआयटीच्या युन कांग आणि स्टॅन्ली गर्श्विन यांनी २००५ साली गणितानं मांडून दाखवलं.

प्रत्यक्षात मुरबाडच्या बाजारपेठेतला जुना दुकानदार तांदूळ संपू देत नाही. तो रोज सकाळी कोठीत हात घालतो आणि फोन उचलतो. त्याच्या संगणकातली पोकळी टनभर असली तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण ऑर्डर तो डोळ्यांनी देतो. पोकळ आकडा बाधतो तो ऑर्डर आकड्यावर सोपवल्या दिवसापासून. नवी सुपरमार्टं हायवेला उभी राहतात, मालक ठाण्यात बसून मोबाईलवर शिल्लक बघतो, तिथे सुट्या मालाला दर पंधरवड्याला काट्यावर घातल्यावाचून गत्यंतर नाही. सुटा माल वर्षातून एकदा मोजून चालत नाही, सीलबंद माल बऱ्याचदा चालतो.

साखर, घरात नेलेली

दुकान पुढे, घर मागे. साखर, चहा, तेल, पोरांची बिस्किटं, पाहुणे आले म्हणून खारी. बिल कोण करणार? विचारलं तर “घरचंच आहे की” असं उत्तर येतं. मी दुकानात ‘घरखर्च’ नावाचं गिऱ्हाईक उघडून देतो आणि बिल शून्य रुपयांचं न करता खरेदीच्या भावानं करायला सांगतो. पहिल्या महिन्याचा आकडा बघून नवराबायकोत बोलाचाली होते. तेवढी सोसावी लागते.

स्कीममधली तेरावी बाटली

बारा घेतल्यावर एक फुकट. बिलावर बारा, खोक्यात तेरा. काही डिस्ट्रिब्युटर तेरावी याच खेपेला देतात, काही म्हणतात पुढच्या गाडीत पाठवतो. दुकानदार आजच तेरा चढवतो. पुढची गाडी येते तेव्हा सेल्समन बदललेला असतो.

धसईच्या स्वाइप मशिनी

मुरबाड तालुक्यातलं धसई नोटबंदीनंतर महिनाभरात, डिसेंबर २०१६ मधे, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. बँक ऑफ बडोदा आणि स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठान यांनी पुढाकार घेतला, दुकानदारांना स्वाइप मशिनी मिळाल्या, पत्रकार आले. तेव्हापासून मला एक प्रश्न सतत विचारला जातो: आता सगळं मशिनीवर आहे, तर शिल्लक चुकेलच कशी?

स्वाइप मशिनीला फक्त रुपये कळतात. एकशे ऐंशी रुपये आले हे तिला ठाऊक आहे. त्यात डाळ होती की डबा हे नाही. आजचा क्यूआर कोडही तसाच. पैशाची नोंद जितकी पक्की होत गेली तितकी मालाची नोंद पक्की झाल्याचा भास वाढला. मालाची नोंद बिलाच्या ओळीत होते, आणि गर्दीच्या वेळी पहिली गाळली जाते ती बिलाची ओळच. क्यूआरवर आलेली दिवसाची रक्कम आणि क्यूआरनं भागवलेल्या बिलांची रक्कम यांतली तफावत रोज लिहून ठेवावी. क्यूआरची जास्त भरली तर तेवढा माल बिलाविना गेलाय, म्हणजे तेवढ्याची पोकळी आज तयार झाली. कुठल्या वस्तूत, हे मात्र यावरून कळत नाही.

शून्य विक्री

कुठल्या वस्तूत हे कळायला शून्याकडे बघावं लागतं. संगणकात शिल्लक आहे आणि विक्री थांबलीय, अशा वस्तूंवर माझा पहिला संशय. पण थांबलीय म्हणजे किती दिवस?

याला एक सोपा हिशेब आहे. रोजची सरासरी विक्री घ्यायची, तिला विक्री न झालेल्या दिवसांनी गुणायचं. येणारा आकडा म्हणजे एवढ्या दिवसांत जितके नग जायला हवे होते तितके. गिऱ्हाइकं आपापल्या मर्जीनं, एकमेकांशी न ठरवता येतात असं मानलं, तर तीन नग जायला हवे असताना एकही न जाण्याची शक्यता शंभरात पाच असते. सहा नग जायला हवे असतील तर चारशेत एक. तिनाला मी नुसती खूण करतो, सहाला उठून फळीपाशी जातो.

टूथब्रशचा एक प्रकार आठवड्याला तीन जातो, संगणकात अकरा शिल्लक, दोन आठवडे एकही गेला नाही. सहा जायला हवे होते. जाऊन बघावं. बहुतेक वेळा फळी रिकामी असते. कधी माल असतो, पण वरच्या कप्प्यात, कॅलेंडरच्या मागे, किंवा खोक्यात बंद गोदामात. हा पोकळ साठा नव्हे, मांडणीची चूक आहे. तिथे आकडा दुरुस्त केला तर उलटी चूक होईल: माल असून संगणकात नाही. म्हणून फळी रिकामी दिसल्यावर लगेच शून्य लिहायचं नाही. आधी गोदाम, मग परतीच्या मालाचं खोकं, मग दुरुस्ती.

याची हद्दही सांगायला हवी. महिन्याला एक जाणारी वस्तू, समजा कुकरची रिंग, दोन आठवडे गेली नाही तर त्यातून काहीच कळत नाही. अर्धा नग जायला हवा होता, आणि एकही न जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. तिला सहाचा पल्ला गाठायला सहा महिने लागतील. अशा मंद वस्तूंसाठी आकडेमोड सोडून द्यावी आणि दर महिन्याला एक फळी याप्रमाणे त्या हातानं मोजाव्यात. मंद वस्तू बहुतेक महाग असतात, हेही त्यांना मोजण्याचं कारण.

आपल्याकडेच असा गोंधळ आहे असं समजून लाजणारे मालक भेटतात. निकोल डिहोरेशियस आणि अनंत रामन यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी फळीशी ताडून बघितल्या. २००८ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात १०० पैकी ६५ नोंदी चुकलेल्या निघाल्या. तिथे बारकोड होते, पगारी माणसं होती, वर्षाची मोजणी होती.

मीठ आणि सुकट, डिसेंबरातलं

हे यादीत चुकून आलं असं वाटेल, कारण इथे माल फळीवर असतो.

दिवाळी झाली, भात झोडून झालं की डोळखांब, टोकावडे भागातल्या पाड्यांवरून कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-कल्याणच्या बाजूला. पावसाच्या तोंडावर परततात. पाड्याजवळच्या दुकानात मीठ, सुकट, तंबाखू, दहा रुपयांचं तेल यांची विक्री एकदम बसते. वरचा हिशेब लावला तर सगळी फळी पोकळ ठरते, कारण रोजची सरासरी पावसाळ्यातल्या खपावरून काढलेली आहे. फळीवर जाऊन बघावं तर सुकटीचा वास दारातच येतो.

एकाच वस्तूची विक्री थांबली तर पोकळ साठ्याचा संशय घ्यावा. दहा वस्तूंची एकदम थांबली तर माणसं गेलीत. सरासरी त्या त्या हंगामाची घ्यावी, मागच्या वर्षीचा तोच महिना सगळ्यात बरा. म्हशाच्या यात्रेचे दिवस तर सरासरीतून काढूनच टाकावेत. पौषातल्या त्या गर्दीत दोरखंड, घुंगरं, कंदील, घोंगड्या जितक्या जातात त्यावरून पुढच्या महिन्याची अपेक्षा बांधली तर माघात सगळंच नाहीसं झाल्यासारखं दिसेल.

रेशन दुकानाचा हिशेब आणखी वेगळा. तिथे अंगठ्याशिवाय धान्य वजा होत नाही, आणि भट्टीवर गेलेलं कुटुंब आता तिथल्या दुकानातूनही आपलं धान्य उचलू शकतं. गावच्या दुकानाची मशीन मग साठा तुंबलेला दाखवते. तो खरोखर तुंबलेला आहे का, हे ३५ किलोच्या अंत्योदय कार्डांची नावं घेऊन कोण गावात आहे आणि कोण नाही हे विचारल्यावरच कळतं. मशिनीत तुंबलेला आणि कोठीत नसलेला असेल तर पुरवठा निरीक्षकाचं काम सुरू होतं, माझं नाही.

मोजणीचा कागद

छापील यादीत संगणकातली शिल्लक देऊन मोजायला पाठवलं, की पोऱ्या ती शिल्लकच परत लिहून आणतो. चोवीस लिहिलेलं आहे, फळीवर वीसेक दिसतायत, चोवीस असतील. म्हणून कागदावर वस्तूचं नाव आणि फळीचा नंबर एवढंच द्यायचं, आकड्याची जागा कोरी. दोघांनी वेगवेगळं मोजायचं. दोघांचे आकडे जुळले तरच ते संगणकाच्या शेजारी ठेवायचे.

मोजणी गल्ला बंद करून करावी. बंद करणं शक्य नसेल तर मोजलेल्या वेळेची नोंद करावी, कारण सकाळी दहाला मोजलेला आकडा दुपारी दोनला संगणकात भरला तर मधल्या चार तासांची विक्री पुन्हा पोकळीत जाते. खोट्या तफावतींत सगळ्यात जास्त याच असतात. आणि दुरुस्ती करताना आकड्यासोबत कारण लिहावं: फुटलं, घरात गेलं, बारकोड चुकला, चलनात कमी आलं, कळलं नाही. ‘कळलं नाही’ हा रकाना ठेवला नाही तर लोक ‘फुटलं’ लिहितात. मी एका दुकानात वर्षभराची ‘फुटलं’ची यादी बघितली, त्यात मेणबत्त्या होत्या, झाडू होते आणि नायलॉनची दोरी होती.